एकच डंबेल, तीन वजनं

*माझ्याकडे 20 किलोचा एकच डंबेल आहे, सहा कोनी, रबराचा. मित्र घर बदलताना देऊन गेला. आमची खोली भाड्याची. पलंग आणि कपाट सोडलं तर साडेसहा फूट बाय चार फूट फरशी उरते. खाली घरमालक राहतात, त्यामुळे आदळआपट चालत नाही. वय 36, वजन 68, उंची 5 फूट 7 इंच. डंबेल छातीशी धरून स्क्वॉट मारले तर सहज 25 होतात. डोक्यावर उचलायचा म्हटलं तर उजव्या हाताने दोनदा जातो, डाव्याने एकदाही नाही. मग हा डंबेल मला हलका की जड? यावर सगळा व्यायाम बसवता येईल की जोडी करावी? बायको म्हणते, आणखी लोखंड घरात नको.*
*– एक वाचक, डोंबिवली*

दोन्ही. तुमच्या पायांना तो हलका आहे, खांद्यांना जड आहे, आणि छाती-पाठीला बहुधा बेताचा निघेल. जिममध्ये आपण आधी व्यायाम ठरवतो आणि मग रॅकवरून त्याला साजेसं वजन उचलतो. तुमच्याकडे वजन आधीच ठरलंय, तेव्हा फिरवायचा तो व्यायाम.

एका संध्याकाळी वही घेऊन बसा आणि प्रत्येक व्यायाम डाव्या हाताने नीट किती वेळा होतो ते लिहून काढा. नीट म्हणजे काय? वजन वर जाण्याचा वेग आपसूक मंदावला, किंवा कंबर वळवून ते ढकलावंसं वाटलं, की मोजणी थांबली. त्यानंतरचे रेप वहीत नाहीत. एक ते चार आले तर तो व्यायाम तुम्हाला जड, पाच ते बारा आले तर बेताचा, पंधराच्या वर गेला तर हलका. तिन्हींना औषध वेगळं आहे. पुढे सगळं डाव्या हाताच्या आकड्यावर चालेल. डाव्याने सुरुवात करायची आणि उजव्याने तेवढेच करून थांबायचं, त्याला चार जास्त जमत असले तरी.

आधी हलक्याचं बघू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच घसरते. 25 होतात म्हटल्यावर माणूस 40 करायला जातो. स्नायू वाढायला पाचापासून तिसापर्यंत कितीही रेप चालतात, फक्त शेवटचे दोन-तीन खरोखर कठीण गेले पाहिजेत, हे खरं आहे. पण 40 स्क्वॉटमध्ये पाय थकायच्या आधी श्वास संपतो आणि डंबेल धरून धरून दंड भरून येतात. पायांना त्यांच्या वाटचं काम मिळतच नाही. त्यापेक्षा एक पाय कामावरून काढा.

याला बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट म्हणतात. मागचा पाय उंचावर ठेवून पुढच्या पायावर खाली जायचं. पलंग वापरण्याचा मोह होईल, पण साधा पलंग दीड फूट उंच असतो आणि तेवढ्या उंचीवर मागच्या मांडीला ओढ बसून कंबर पुढे वाकते. घरातला चौरंग घ्या, साधारण फूटभर उंच असतो तो. (पूजेचा नको. पाय ठेवणार आहात, घरात त्यावरून वेगळंच महाभारत व्हायचं.) चौरंग फरशीवर सरकतो, म्हणून त्याची मागची बाजू भिंतीला टेकवा आणि खाली रबराची मॅट घ्या. पुढचं पाऊल चौरंगाच्या कडेपासून दोन-सव्वादोन फुटांवर. खाली गेल्यावर पुढची टाच उचलली जात असेल तर पाऊल आणखी चार बोटं पुढे न्या. मागच्या मांडीत ओढ जास्त वाटली तर मागे घ्या. दोन-तीन दिवसांत जागा सापडते. सापडली की फरशीवर खडूने खूण करून ठेवा.

डावा पाय पुढे असेल तेव्हा डंबेल उजव्या हातात लटकता ठेवा आणि डाव्या हाताची बोटं कपाटाला नुसती लावा. तोलासाठी लावायची, ओढून वर यायला नाही. तीन आकडे मोजत खाली या, मागचा गुडघा जमिनीपासून चार बोटं राहिला की एक आकडा थांबा, मग वर. आता हिशोब बघा. दोन पायांवर उभे असताना तुमचे 68 आणि डंबेलचे 20 मिळून 88 किलो, म्हणजे एका पायावर 44. या व्यायामात पाचातले चार हिस्से पुढच्या पायावर आले असं ढोबळपणे धरलं तरी तो पाय 70 किलोच्या आसपास पेलतोय. डंबेल तोच, पण 25 चे आता आठ-नऊ होतील. पहिल्या आठवड्यात बसताना मांड्या बोंबलतील. त्या बोंबलणं ठीक. गुडघ्याच्या वाटीखाली टोचलं तर ते ठीक नाही. तिथे खोली कमी करा, अर्ध्यावर थांबा.

मांडीच्या मागच्या बाजूलाही तीच युक्ती. दोन पायांवर उभं राहून डंबेल खाली नेण्यात तुमच्यासाठी दम नाही. एका पायावर उभे राहा, गुडघा किंचित सैल, डंबेल उलट बाजूच्या हातात. ढुंगण मागे ढकलत धड पुढे झुकवा आणि मोकळा पाय मागे जाऊ द्या. डंबेल नडगीजवळून सरळ खाली जातो. मांडीमागे ताण आला की तिथूनच परत. जमिनीला टेकवायची शर्यत नाही. दुसऱ्या हाताची बोटं इथेही कपाटाला. तोल सांभाळण्यातच शक्ती गेली तर मांडी मोकळी सुटते, म्हणून आधाराची लाज बाळगू नका.

आता बेताचे व्यायाम, म्हणजे छाती आणि पाठ. बेंच नाही म्हणून छातीसाठी फ्लोअर प्रेस, जमिनीवर झोपून एका हाताने. इथे व्यायामापेक्षा डंबेल वर घेणं आणि खाली ठेवणं जास्त जोखमीचं आहे, म्हणून ते आधी शिका. डंबेल काखेजवळ जमिनीवर ठेवा, त्याच्याकडे कुशीवर वळा, दोन्ही हातांनी मूल उचलल्यासारखा छातीशी घ्या आणि उताणे व्हा. दोन्ही हातांनी वर ढकला, हात सरळ झाला की मगच मदतीचा हात काढा. संपल्यावर याच्या बरोबर उलट. एका हातातून दुसऱ्या हातात डंबेल हवेत कधीच द्यायचा नाही. आधी जमिनीवर, मग दुसऱ्या बाजूला. मी सुरुवातीच्या दिवसांत आळसाने छातीवरच अदलाबदल केली होती आणि गळपट्टीच्या हाडावर एवढा लागला की पंधरा दिवस बॅग खांद्याला लावता आली नाही.

कोपर धडापासून अर्धा काटकोन राहू द्या. अगदी काटकोनात उघडलं की खांद्याचा पुढचा भाग कुरकुरतो. दंड जमिनीला टेकला की एक आकडा थांबा, मग ढकला. जमिनीवर आपटून मिळणारी उसळी वापरायची नाही, आणि तुमच्या घरमालकांनाही ती ऐकू जाईलच. वजन एकाच बाजूला असल्यामुळे धड त्या बाजूला कलंडायला बघेल. मोकळ्या हाताची मूठ जमिनीवर बाजूला रोवा, गुडघे दुमडून पावलं टेकवा. पोट आपोआप कामाला लागतं, त्यासाठी वेगळे क्रंचेस नकोत.

जागेचा प्रश्न इथे येतो. चार फुटांच्या पट्टीत एका अंगाला पलंग आणि दुसऱ्या अंगाला कपाट, कपाटाला बहुधा आरसाही असेल. काम करणारा हात नेहमी पलंगाकडे हवा. म्हणून हात बदलताना नुसतं सरकू नका, डोकं-पाय उलटे करून झोपा. गुडघे दुमडल्यावर लांबीला पाच फूटही पुष्कळ होतात.

पाठीसाठी रो. एक हात पलंगाच्या कडेवर, पाय मागे-पुढे, पाठ टेबलासारखी, आणि डंबेल पँटच्या खिशाकडे ओढायचा. छातीकडे ओढलात तर सगळं काम दंड आणि मान खाते. वर गेल्यावर एक आकडा थांबता येत नसेल तर झटका मारताय हे ओळखा. 20 किलोचे तुमचे दहाच्या आसपास व्हावेत. बारा सहज झाले तरी चालेल, पाठ चिवट असते.

आता तो शून्याचा व्यायाम. एकदाही जात नाही म्हणून सोडून देऊ नका, कारण वर नेता न येणारं वजन सावकाश खाली आणता येतं. स्नायू वजन खाली सोडताना उचलतानापेक्षा जास्त ताकद लावू शकतो, त्याचाच फायदा घ्यायचा. डंबेल दोन्ही हातांनी डाव्या खांद्यापाशी आणा. गुडघे जरासे वाकवून झटक्याने, दोन्ही हातांच्या जोराने डोक्यावर न्या. हात सरळ झाला की उजवा सोडा, पण वीतभर अंतरावर तयार ठेवा. डाव्याने पाच आकडे मोजत खांद्यापर्यंत खाली आणा. तिसऱ्या आकड्यालाच धपकन खाली आला तर तो सेट संपला. तीन वेळा डावा, तीन वेळा उजवा, मधे दोन मिनिटं विश्रांती, असे तीन सेट. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त नको. या प्रकाराने अंग चांगलंच दुखतं आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं.

उभे राहण्याआधी वर बघा. तुमच्या उंचीच्या माणसाचा हात सरळ झाला की डंबेलचं वरचं टोक सव्वासात फुटांच्या आसपास जातं. पंख्याखाली, माळ्याखाली किंवा ट्यूबलाइटखाली हा व्यायाम करायचा नाही. पंखा बंद करणं वेगळं आणि पंख्याखालून बाजूला होणं वेगळं. दुसरंच करा.

तीन-चार आठवड्यांनी, अंग गरम झाल्यावर, डाव्याने एकदा नुसतं ढकलून बघा. गेला तर त्या दिवसापासून खाली आणण्याच्या सेटआधी एकेकाचे पाच सेट, मधे मिनिटभर थांबून. पाचही स्वच्छ जायला लागले की त्यातला एक सेट दोनचा करा, पुढच्या आठवड्यात दोन सेट दोनचे. असं रांगत रांगत पाचपर्यंत जायला काही महिने लागतात. मधे खांद्याच्या टोकाशी चिमटा बसल्यासारखं वाटलं, तेही हात अर्ध्या वाटेत असताना, तर डोक्यावरचं काम दोन आठवडे बंद. फ्लोअर प्रेस दुखत नसेल तर तो चालू ठेवता येतो.

हे आठवड्यात बसवणं सोपं आहे. एका दिवशी स्प्लिट स्क्वॉट, फ्लोअर प्रेस आणि रो. दुसऱ्या दिवशी आधी डोक्यावरचं काम, कारण त्याला ताजे हात लागतात, मग एका पायावरचं झुकणं आणि पुन्हा रो. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे हे दोन दिवस आळीपाळीने फिरवा. प्रत्येकाचे तीन सेट. डावी बाजू, अर्धा मिनिट दम, उजवी बाजू, मग दीड मिनिट. सगळं मिळून 35 ते 40 मिनिटं. शेवटी डंबेल एका हातात बॅगेसारखा धरून जागच्या जागी चाला, गुडघे कमरेपर्यंत, 40 सेकंद एक हात, 40 सेकंद दुसरा. धड वजनाच्या बाजूला झुकू द्यायचं नाही, यातच सगळा व्यायाम आहे. एरवी हे मैदानात चालत करतात, पण साडेसहा फुटांत चालणार कुठे? स्विंग मात्र तुम्हाला सांगणार नाही. घामाने हात ओला, रबराचं डोकं, समोर कपाटाचा आरसा. नकोच.

आता मुख्य अडचण: वजन वाढत नाही तर प्रगती मोजायची कशी? फ्लोअर प्रेसचं उदाहरण घेऊ. समजा पहिल्या दिवशी डाव्याने 7, 6, 6 झाले, बेरीज 19. पुढच्या वेळी बेरीज 20 झाली की झालं, कुठल्या सेटमध्ये एक वाढला हे महत्त्वाचं नाही. प्रत्येक सेट संपवताना अंगात आणखी दोन रेप शिल्लक असले पाहिजेत. एकटे आहात, अडकलात तर वरून उचलायला कोणी नाही. दोन-अडीच महिन्यांत 12, 12, 12 पर्यंत याल. मधे एखादा आठवडा बेरीज मागेही जाईल, झोप आणि लोकलची गर्दी यांच्यावर ते असतं. सलग तीन वेळा मागे गेली तर एक आठवडा सेट तीनाऐवजी दोनच करा.

12 चे तीन सेट झाले की चौदा-पंधराकडे जाऊ नका. त्याच दिवशी व्यायाम अवघड करा. चार आकडे मोजत खाली, दंड जमिनीला टेकल्यावर दोन आकडे थांबा, मग वर. 12 चे पुन्हा 7-8 होतील. हे अपयश नाही, डंबेल पुन्हा जड झालाय. पुन्हा 7 पासून 12 पर्यंत चढा. रोमध्ये वरचा थांबा तीन आकड्यांचा करा. स्प्लिट स्क्वॉटमध्ये पुढच्या पावलाखाली पाट ठेवा, म्हणजे तेवढं आणखी खोल जाता येतं. पाट मात्र डगमगता नको, आणि त्याखालीही मॅट हवीच.

तालमीत याच्या उलट चालायचं. मुद्गल तोच, जोर-बैठका त्याच, आकडा मात्र शेकड्यांत जायचा. त्यातून दम आणि चिकाटी कमावली जाते आणि ती मोठी गोष्ट आहे. पण तुमच्या 40 मिनिटांत ते बसत नाही, आणि बिनवजनी बैठकांचा आकडा नुसता वाढवून डाव्या हाताचा तो शून्य हलणार नाही.

या डंबेलची मर्यादाही सांगते. साधारण वर्षभरात पाय त्याला पुरून उरतील. तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी टाका, सॅकचे पट्टे घट्ट ओढा आणि तोच स्प्लिट स्क्वॉट करा. पुढे दहा किलो. डंबेलच्याच टोकाला काहीबाही बांधून वजन वाढवू नका, एका बाजूने जड झालेला डंबेल मनगट पिरगाळतो. खांदे आणि छाती मात्र या 20 किलोंवर बरीच पुढे जातील.

आवाजासाठी जुनी गोधडी चौघडी करून तिच्याखाली गोणपाट घाला, नाहीतर गुळगुळीत फरशीवर ती निसटते. हा डंबेलचा पाट. डंबेल फक्त इथेच बसेल आणि इथूनच उठेल, कितीही दमलात तरी. तुम्ही स्वतः गोधडीवर उभे राहू नका, पाऊल मऊ जागी डळमळतं. अनवाणी, फरशीवर किंवा रबराच्या मॅटवर. मी एका भाड्याच्या खोलीत हे न करता एकदा रो संपवून डंबेल टेकवला, म्हणजे टेकवला असं मला वाटलं. फरशीचा कोपरा उडाला आणि डिपॉझिटमधून दोन फरश्यांचे पैसे गेले. सहा कोनी डंबेल घरंगळत नाही, पण कोपऱ्यावर पडला तर सगळं वजन तेवढ्या ठिपक्यावर येतं.

डंबेलवर 20 लिहिलंय म्हणून तो 20 चाच असेल असं नाही. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग तो हातात घेऊन, आणि फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल तर डोक्यावरचं काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आणि कुठल्याही रेपमध्ये श्वास कोंडून ठेवू नका, ढकलताना सोडा.

जोडीबद्दल मी वहिनींच्या बाजूने आहे. दुसरा 20 किलोचा घेतलात तर पायांना तो पुढे हलकाच पडेल, खांद्यांना आजच्याइतकाच जड, आणि चार फुटांच्या पट्टीत दोन डंबेल घेऊन वळायला जागा नाही. कधी काही घ्यायचंच झालं तर 12 किलोचा एक, फक्त डोक्यावरच्या कामासाठी. पण आधी दोन महिने डावा हात काय करतो ते बघा. कदाचित तो खर्च लागणारच नाही. तोवर हा डंबेल पलंगाखाली ठेवा, कडेपासून हातभर आत. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याच्या अंगठ्याला तो पहिल्याच आठवड्यात सापडतो.